फ्लॅट २०४ बरोबर, पण विंग कोणती? बेळगावात नव्याने अपार्टमेंटात राहायला आलेल्यांसाठी

टिळकवाडी, हिंदवाडी, भाग्यनगर, सदाशिवनगर या भागांत जुनी बैठी घरे जाऊन अपार्टमेंट आली आणि बेळगावातला पत्ता सांगण्याची रीतच बदलली. पूर्वी गल्लीचे नाव आणि घराण्याचे आडनाव सांगितले की भागायचे. आता एकाच गेटच्या आत दोन, तीन, कधी चार इमारती असतात आणि प्रत्येक इमारतीत एक १०१ असतो, एक २०४ असतो. वॉचमन नवा असला तर ए विंगच्या २०४ चे पार्सल बी विंगच्या २०४ मध्ये जाते. शेजारी सज्जन असतील तर संध्याकाळी परत मिळते. पण बँकेच्या किंवा गॅस एजन्सीच्या संगणकात हीच गल्लत झाली तर ती निस्तरायला कोणी सज्जन शेजारी नसतो.

आपण पत्ता लिहितो तेव्हा वाचणारा माणूस डोळ्यांसमोर असतो. माणसाला 'विंग' म्हणजे काय ते कळते. संगणकाला सहसा कळत नाही, आणि का कळत नाही हे एकदा समजले की पुढच्या पायऱ्या आपोआप पटतात.

संगणक विंग कशी हरवतो

पत्ता जुळवण्याची कामे दोन प्रकारची. एकात मजकूर मजकुराशी ताडला जातो: अर्जातला पत्ता आधारवरच्या पत्त्याशी, नव्या ग्राहकाचा पत्ता जुन्या ग्राहकांच्या यादीशी. दुसऱ्यात मजकुरावरून नकाशावरची जागा शोधली जाते, जसे कुरियरवाल्याच्या फोनवर. विंग दोन्हीकडे हरवते, पण वेगवेगळ्या कारणांनी.

आधी मजकुराचे पाहू. खालचे संकुल कल्पित आहे, पण पत्ते असेच लिहिले जातात:

```
1) Flat 204 A Wing Sawali Residency Khanapur Road Tilakwadi
2) Flat 204 B Wing Sawali Residency Khanapur Road Tilakwadi
3) 204/A Sawali Resi. Khanapur Rd Tilakwadi Belgaum
```

पहिला आणि तिसरा पत्ता एकाच घराचा. दुसरा शेजारच्या इमारतीतल्या परक्या घराचा. संगणकाची एक साधी आणि फार वापरली जाणारी पद्धत अशी: दोन्ही पत्त्यांचे शब्द सुटे करायचे, दोन्हीकडे असलेले शब्द मोजायचे आणि त्यांना एकूण वेगवेगळ्या शब्दांनी भागायचे. पहिल्या आणि दुसऱ्यात ८ शब्द समान, एकूण वेगळे शब्द १०, म्हणजे जुळणी ८० टक्के. पहिल्या आणि तिसऱ्यात समान शब्द ५, एकूण १२, म्हणजे जेमतेम ४२ टक्के. परका सख्खा ठरला आणि सख्खा परका.

शब्दांऐवजी अक्षरे मोजणारी पद्धत इथे आणखी फसते. पहिला पत्ता रिकाम्या जागा धरून ५६ अक्षरांचा आहे, आणि दुसऱ्यात त्यातले फक्त एक अक्षर वेगळे. जुळणी ९८ टक्क्यांच्या वर. एखादा गाव किंवा रस्ता टाइप करताना चुकला तरी चालावे म्हणून ही पद्धत मुद्दाम ढिली ठेवलेली असते. 'Tilakwadi'चे 'Tilkwadi' झाले तर दुर्लक्ष करायला ती शिकलेली असते, आणि त्याच ढिलाईत 'A'चा 'B' झालेलाही तिला टायपिंगची चूक वाटते.

याच्यावर कडी म्हणजे पुष्कळ ठिकाणी जुळवणीआधी पत्ता 'स्वच्छ' करतात. 'Flat', 'Wing', 'Near' असे वारंवार येणारे शब्द काढून टाकतात आणि सुटी एकेकटी अक्षरेही काढतात. 'A' तर इंग्रजीतला बिनकामाचा शब्द म्हणून आधीच बाद होण्याच्या यादीत असतो. तशी सफाई झाली की वरचे पहिले दोन पत्ते शंभर टक्के एक होतात. एका घरात घरगुती गॅसची एकच जोडणी हा नियम आहे. पत्त्यावरून दुबार जोडणी शोधणाऱ्या यंत्रणेला ए-२०४ आणि बी-२०४ एकच घर दिसले तर नव्या भाडेकरूचा अर्ज अडकतो तो इथे.

नकाशाचे कारण वेगळे. तिथे संकुलाच्या नावाला बहुधा एकच खूण असते, आणि ती गेटवर, प्लॉटच्या मध्यावर किंवा नुसती रस्त्यावर असते. विंग नकाशात नोंदलेलीच नसेल तर तुम्ही ती कितीही नीट लिहा, शोधणारा तेवढा भाग सोडून देतो आणि उरलेल्याचे उत्तर आत्मविश्वासाने देतो.

आपल्याकडचा खास गुंता

सीमाभागात आणखी एक अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या सल्ल्यात सापडत नाही. आपल्याकडे एकाच पत्त्याची तीन लिप्यांत ये-जा होते. गेटवरची पाटी कन्नडमध्ये, सोसायटीची पावती कधी मराठीत, आणि अर्ज इंग्रजीत.

मराठीत 'ए विंग' लिहिले आणि यंत्राने ते रोमन लिपीत उतरवले की 'ए'चा `E` होतो. यंत्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पण तुमची पहिली इमारत पाचवी झाली. कन्नडमधून उतरवतानाही हेच होते. आपल्याकडचे जुने लोक अ, ब, क, ड अशा क्रमाने इमारती मोजतात. तिथे 'क' म्हणजे तिसरी इमारत, इंग्रजीतली 'C'. यंत्र मात्र 'क'चा 'K' करते. चार इमारतींच्या आवारात 'K विंग' शोधत फिरणारा मुलगा दिसला तर त्याला दोष देऊ नका.

दुसरा गुंता 'ब्लॉक' या शब्दाचा. मुंबई-पुण्याकडून आलेला बिल्डर 'विंग' म्हणतो, बेंगळुरूच्या वळणाचा 'ब्लॉक' म्हणतो. पण कर्नाटकात ब्लॉक हा वसाहतीचा भागही असतो, जसा महांतेशनगरात सेक्टर असतो. 'B Block' एवढेच लिहिले आणि संकुलाचे नाव त्याला लागून नसले, तर यंत्र तो वसाहतीचा भाग समजते आणि इमारतीच्या रकान्यात धरतच नाही.

पहिली पायरी: कागदावर विंगचे नाव काय आहे ते शोधा

राहणारे जे नाव वापरतात तेच कागदावर असेल असे गृहीत धरू नका. माहितीपत्रकात 'टॉवर २', खरेदीखतात 'ब्लॉक बी' आणि लिफ्टजवळ रंगवलेले 'सी' अशी एकाच इमारतीची तीन नावे असू शकतात. विशेषतः संकुल दोन टप्प्यांत बांधले असेल तर दुसऱ्या टप्प्यात अक्षरे पुन्हा 'ए'पासून सुरू होण्याची शक्यता असते.

मालक असाल तर खरेदीखतातले मिळकतीचे वर्णन आणि महापालिकेचा ई-खाता उतारा पाहा. भाडेकरू असाल तर घरमालकाकडून घरपट्टीची पावती आणि हेस्कॉमचे वीजबिल मागून घ्या. बिलावरचा आरआर नंबर तुमच्याच मीटरचा आहे ना, हे खाली मीटरच्या पॅनेलवर जाऊन प्रत्यक्ष पाहा. मीटर सगळे एकाच खोलीत असतील तर ए-२०४ आणि बी-२०४ ची बिले अदलाबदल होऊन महिनोन्महिने भरली जाऊ शकतात, आणि दोन्ही बिले जवळपास सारखी असली की कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रकल्प अलीकडचा असेल तर कर्नाटक रेराच्या संकेतस्थळावर त्याची नोंद सापडते. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉट किंवा ८ पेक्षा जास्त घरे असलेल्या नव्या प्रकल्पाला ही नोंदणी लागतेच, आणि तिथे इमारतींची नावे बिल्डरने स्वतः भरलेली असतात.

कागदावर जो शब्द आहे तोच ठेवा. 'ब्लॉक' असेल तर ब्लॉक, 'टॉवर' असेल तर टॉवर. त्याचे स्वतःच 'विंग' करू नका, कारण पुढची सगळी जुळवणी त्या कागदाशी होणार आहे. टॉवर आणि विंग दोन्ही असतील, म्हणजे सुट्या उभ्या टॉवर २ मध्ये दोन लिफ्टच्या दोन विंग असतील, तर दोन्ही लिहायचे. फ्लॅट, मग विंग, मग टॉवर, मग संकुल असा लहानाकडून मोठ्याकडे क्रम ठेवायचा. `T2-B-204` असे नुसते संक्षेप आवारातल्यांना कळतात, बाहेरच्या कोणालाही नाही.

दुसरी पायरी: एकच ओळ ठरवा आणि ती कधीही बदलू नका

माझ्या मते विंग दोनदा लिहावी. एकदा फ्लॅटच्या आकड्याला चिकटवून आणि एकदा शब्दासकट, संकुलाच्या नावाच्या शेजारी:

```
Flat B-204, B Wing, Sawali Residency
Khanapur Road, near RPD Cross
Tilakwadi, Belagavi 590006
```

पुनरुक्ती वाटते खरी, पण ती मुद्दाम आहे. सफाईत सुटे 'B' आणि 'Wing' गेले तरी आकड्याला चिकटलेले अक्षर टिकण्याची शक्यता असते. उलट एखाद्या यंत्रणेने जोडरेघ तोडून 'B' वेगळा करून टाकला, तर माणसाला वाचायला 'B Wing' असतेच. फॉर्म जोडरेघ घेत नसेल तर `B204` असे सलग लिहा, मध्ये रिकामी जागा सोडू नका. तिरपी रेघ टाळा. 204/B हे प्लॉटच्या पोटविभागासारखे दिसते, आणि सर्व्हे नंबर लिहायची आपल्याकडे तीच पद्धत आहे.

विंग पहिल्या ओळीत हवी याचे कारण अगदी साधे आहे. कुरियरच्या चिठ्ठीवर जागा कमी असते, लांब पत्ता कापला जातो आणि कापाकापी शेवटाकडून होते. 'प्रवेशद्वारातून आत डावीकडची इमारत, बी विंग' असे तिसऱ्या ओळीत लिहिले तर नेमके तेच जाते.

पिनकोड कधीही गाळू नका. त्याला विंग कळत नाही, पण तो दुसरा एक घोळ टाळतो. 'खानापूर रोड' मधला 'खानापूर' धरून नकाशा तुम्हाला थेट खानापूर गावात, म्हणजे २५ किलोमीटरच्या आसपास दूर नेऊ शकतो. ५९०००६ लिहिले की टिळकवाडी ठरते, खानापूरचा ५९१३०२ आहे. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बेळगावी झाले, पण जुने स्पेलिंग बहुतेक यंत्रणांना ठाऊक असते. त्यावरून भांडण्याऐवजी आधारवर जे आहे तेच सगळीकडे ठेवा.

आरएस नंबर आणि सीटीएस नंबर हे जमिनीच्या सर्व्हेचे आकडे खरेदीखतासाठी ठेवा. पार्सलच्या पत्त्यात ते घातले की आकड्यांची गर्दी होते आणि २०४ हा घराचा आकडा की सर्व्हेचा, हेच कळेनासे होते.

तिसरी पायरी: योग्य रकाना

आधारच्या पत्त्यात घर/इमारत/अपार्टमेंट असा एक रकाना असतो, आणि जवळची खूण असा वेगळा. विंग पहिल्यातच लिहा. खुणेचा रकाना जुळवणीत बहुधा धरतच नाहीत, कारण लोक तिथे काहीही लिहितात: मारुती मंदिराजवळ, किराणा दुकानासमोर. तिथे विंग लिहिणे म्हणजे ती आपण होऊन खोडण्यासारखे.

आधारमध्ये इंग्रजीत लिहिलेला पत्ता स्थानिक भाषेतही उतरतो आणि पुढे जाण्याआधी तो दाखवला जातो. घाईत सगळे तो न वाचताच पुढे जातात. तिथे थांबून विंगचे अक्षर नीट पाहा. ते भलतेच उतरले असेल तर त्याच जागी दुरुस्त करता येते. कार्ड आल्यावर दुरुस्तीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

काही फॉर्मना एकच मोठा रकाना असतो. तिथे वरच्या तीन ओळी स्वल्पविराम देऊन सलग लिहायच्या, क्रम तोच.

चौथी पायरी: नकाशावर गेट नको, लिफ्ट दाखवा

खाली पार्किंगमध्ये उभे राहून 'माझे सध्याचे ठिकाण' दाबू नका. उघड्या आकाशाखाली चांगल्या फोनची चूक पाचएक मीटर असते, पण डोक्यावर स्लॅब आणि बाजूला भिंती आल्या की ती पुष्कळ वाढते. दोन विंगमध्ये अंतर तरी किती? एक गाडी जाईल एवढा रस्ता. ठिकाण सहज समोरच्या इमारतीत पडते.

त्याऐवजी नकाशा उपग्रहाच्या चित्रावर न्या, मोठा करा, आपले छप्पर ओळखा आणि ज्या बाजूला तुमच्या विंगचा जिना व लिफ्ट आहे तिथे बोट दाबून धरून खूण टाका. छप्पर ओळखायला पाण्याच्या टाक्या आणि सोलरच्या पट्ट्या उपयोगी पडतात, त्या मोजून घ्या. ती खूण नाव देऊन जतन करा, उदाहरणार्थ 'बी विंग लिफ्ट', आणि कोणी पत्ता मागितला की तीच पाठवा.

डाक विभागाने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन इथे कामाचा आहे. तो १० अक्षरांचा सांकेतिक पत्ता साधारण ४ मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनाला मिळतो, म्हणजे दोन विंगचे डिजिपिन नक्की वेगळे येतात. त्यासाठीही नकाशावर खूण हातानेच आपल्या विंगवर सरकवा. मात्र डिजिपिनमध्ये मजला नसतो. १०४, २०४ आणि ३०४ एकावर एक असल्यामुळे तिघांचा डिजिपिन एकच येईल. म्हणून तो पत्त्याच्या जोडीला द्यायचा, पत्त्याऐवजी नाही.

पाचवी पायरी: फसवून पाहा

नकाशाला तुमची विंग कळते की नाही, हे तपासायची एक युक्ती आहे. आधी 'A Wing' लिहून संकुल शोधा, मग 'B Wing' लिहून. खूण तसूभरही हलली नाही तर शंका घ्या. मग 'Z Wing' लिहा, जी अस्तित्वातच नाही. तरीही नकाशाने तेच ठिकाण बिनदिक्कत दाखवले, तर विंग वाचलीच जात नाही हे सिद्ध झाले. अशा वेळी डिलिव्हरीसाठी मजकुरावर भिस्त न ठेवता जतन केलेली खूण पाठवत जा.

विंग नकाशात आणायचीच असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवर कोणीही खाते काढून ती आखू शकतो. संपूर्ण संकुलाचा एकच ठोकळा आखलेला असेल तर तो काढून प्रत्येक विंगचे छप्पर वेगळे आखायचे आणि प्रत्येकाला नाव द्यायचे:

```
building=apartments
name=Sawali Residency B Wing
```

रहिवाशांची खाजगी माहिती तिथे घालायची नाही, इमारतीचे नाव पुरे. गूगल मॅप्सवरही नवे ठिकाण सुचवता येते, पण एकाच संकुलातल्या दोन विंग एकच समजून दुसरी सूचना नाकारली जाऊ शकते. तसे झाले तर नावात विंगचे अक्षर आधी घालून आणि तिच्या प्रवेशदाराचा फोटो जोडून पुन्हा पाठवा.

फोनवर पत्ता सांगताना

बी, डी, पी, सी ही अक्षरे फोनवर सारखीच ऐकू येतात. आपल्याकडच्या गावांची नावे वापरा: ए अनगोळचा, बी बेळगावचा, सी चिकोडीचा, डी धारवाडचा. पलीकडचा कन्नड बोलणारा असो की मराठी, ही नावे दोघांनाही ठाऊक असतात. रुग्णवाहिका बोलावताना तर आधी भाग आणि रस्ता, मग संकुल, मग 'बेळगावची बी विंग, दुसरा मजला, २०४' असे सांगा आणि घरातल्या एकाला गेटवर नव्हे, विंगच्या दाराशी उभे करा. गेट तर चालकाला नकाशावर सापडतेच.

जुने भाडेकरू आणि चुकीच्या नोंदी

तुमच्या आधी त्याच घरात राहून गेलेल्यांनी पत्ता विंगशिवाय दिला असेल, तर 'फ्लॅट २०४, सावली रेसिडेन्सी' या नावाने एक पोरकी नोंद कुठेतरी पडून असते. तुमचा अर्ज 'या पत्त्यावर आधीच जोडणी आहे' म्हणून परत आला, तर वाद घालण्याआधी विचारा की आधीच्या नोंदीत विंग लिहिली आहे का. नसेल, तर ती नोंद तुमच्या घराचीही असू शकते आणि समोरच्याचीही. हेस्कॉमचे बिल इथे सगळ्यात उपयोगी, कारण दोन्ही विंगच्या २०४ चे आरआर नंबर वेगळे असतात आणि ते यंत्राच्या ढिलाईत सापडत नाहीत. शक्य असेल तर शेजाऱ्याचे बिलही जोडा. दोन वेगळे मीटर म्हणजे दोन वेगळी घरे, हे काउंटरवरच्या माणसाला लगेच पटते. सोसायटीच्या कार्यालयाकडून दोन्ही विंगच्या फ्लॅटची यादी शिक्क्यासह मिळाली तर उत्तमच. ती एकदा करून ठेवली की पुढच्या प्रत्येक भाडेकरूला कामाला येते.